दोन कुलपांचं दार

थोरले आणि धाकटे, दोघेही कुलूपवाले. दुकान एकच, पण मधे फळ्यांची भिंत. फळ्या इतक्या पातळ की एकाला शिंक आली तर दुसऱ्याच्या काउंटरवरचे स्क्रू हलायचे. तरी अकरा वर्षं दोघांत एक शब्द नाही. दोघांचं नाक मात्र एक. बापाकडून आलेलं, लांब आणि शेवटी जरासं उजवीकडे वळलेलं. अनोळखी गिऱ्हाईक एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारात शिरलं की दचकून म्हणायचं, "अहो, तुम्ही इतक्यात इकडे कसे आलात?"

भांडण तिजोरीच्या चावीचं. बापाने स्वतःच्या हाताने बनवलेलं कुलूप, त्याची चावी एकच. वाटणीच्या दिवशी धाकट्याने ती थोरल्याच्या हातात दिली. निदान धाकटा तसं म्हणतो. थोरला म्हणतो, दिलीच नाही, चोरून ठेवली आणि आता माझ्यावर ढकलतोय. तिजोरी एवढी जड की जागची हलेना, म्हणून सुताराने भिंत तिच्यावरूनच नेली. तोंड थोरल्याच्या बाजूला, पाठ धाकट्याच्या. थोरला रोज तिच्या तोंडाकडे बघून दात-ओठ खायचा, धाकटा रोज तिच्या पाठीवर चहाचा कप ठेवायचा. दोघांनाही कुठलंही कुलूप उघडता येत होतं, पण त्या तिजोरीला कुणी हात लावला नाही. ती उघडली असती तर भांडण कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता.

आता हे पैसे पाठवायचं ॲप मधे कसं आलं ते सांगायला हवं. विजेचा मीटर दोन्ही दुकानांना एकच. बिलाचा अर्धा वाटा धाकटा पाकिटात घालून दाराखालून सरकवायचा. मग थोरल्याच्या सुनेने, ती बँकेत नोकरीला, सासऱ्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं. धाकट्यानेही घेतलं. ॲपने थोरल्याला विचारलं, तुमच्या फोनमधले नंबर मित्र म्हणून जोडू का? थोरले म्हणाले, जोड बाबा. कुलूपवाल्याच्या फोनमध्ये कुणाचा नंबर नसतो? ज्याची ज्याची चावी कधी आत राहिली तो प्रत्येक माणूस, म्हणजे अख्खं गाव, एका बोटाने मित्र झालं.

पहिल्या महिन्यात धाकट्याने बिलाचा वाटा पाठवला. ॲप म्हणालं, कशासाठी ते लिहा. त्याने लिहिलं, "विजेचे. तुझा दिवा जास्त जळतो, तरी अर्धे."

थोरल्याचं डोकं फिरलं. बोलायचं नाही ही तर शपथ. पण शपथ तोंडाची होती, बोटांची नव्हती. त्यांनी ॲपमधली सगळ्यात लहान रक्कम, म्हणजे एक नाणं, धाकट्याला पाठवलं आणि सोबत लिहिलं, "दिव्याला उजेड असतो. तुझ्या डोक्यात नसतो, म्हणून बिल कमी." धाकट्याने तेच नाणं परत पाठवलं, "मिंधा नाही मी कुणाचा, गंजक्या खिळ्या."

दुसऱ्या दिवशी थोरले पाव आणायला गेले, तर बेकरीवाली खो खो हसत सुटली. "गंजका खिळा! काय पण शोभतं हो तुम्हाला!"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्यांना दिसतं की. हे बघा."

थोरल्यांनी बघितलं. पैसे कुणी कुणाला दिले आणि कशासाठी, असं एकाखाली एक लागलं होतं. सलूनवाल्याने आरसेवाल्याला, 'नवीन आरसा'. दंतवैद्याने बेकरीवालीला, 'केक, नेहमीचा'. आणि मधोमध ते दोघे भाऊ, शिव्यांसकट. रक्कम तेवढी कुणाचीच दिसत नव्हती. ॲप मुळात आलंच होतं 'सगळ्यांना' असं लावून, आणि दोघा भावांपैकी कुणीही त्याला हात लावला नव्हता. जगभरच्या दारांची कुलपं लावून देणाऱ्या दोन माणसांचं स्वतःचं दार पहिल्या दिवसापासून सताड उघडं होतं.

शहाण्या माणसाने तिथेच दार लावलं असतं. पण शिव्यांखाली एकोणतीस हृदयं उमटली होती, आणि हृदय कुणाला नको असतं? थोरले घरी आले, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच शिवी लिहिण्याआधी तिचा कच्चा मसुदा केला.

त्यानंतर दोन वर्षं ते एकच नाणं भिंतीच्या अलीकडे-पलीकडे हिंडत होतं. रक्कम दिसत नसल्यामुळे गावाचा समज झाला की भाऊ एकमेकांवर इस्टेट उधळतायत. सलूनवाला सकाळी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून आधी कालच्या शिव्या वाचायचा, मग वस्तरा. निवृत्त शाळामास्तरीण बाई प्रत्येक शिवीखाली दहापैकी गुण द्यायच्या. 'किल्लीचोर'ला चार, 'नाही तेवढं उकरणारा स्क्रू-ड्रायव्हर'ला सात. आठच्या वर बाई कधी गेल्या नाहीत. दोघा भावांना त्या नवव्या गुणाची भूक लागली होती. शिव्या जशा सुधारत गेल्या तसं भांडणही चकचकीत होत गेलं. आता ते मिटवायचं म्हणजे भर गर्दीत दुकान बंद करण्यासारखं होतं.

आणि मग एका सोमवारी धाकट्याचा निरोप आला. नाण्यासोबत. "शनिवारी माझी बाजू बंद. लेकीकडे चाललो, कायमचा. आता भिंतीशी भांड."

बाईंनी गुणच दिले नाहीत. नुसतं लिहिलं, "हे काय?"

थोरले दिवसभर एकच चावी घासत बसले. इतकी घासली की तिचे दात गेले. थोरल्या काकूंनी विचारलं, "अहो, जेवायला येताय ना?" तर म्हणाले, "जाऊ दे त्याला. पीडा टळली." आणि चार वेळा तेच म्हणाले, त्यावरून काकू काय ते समजल्या.

मंगळवारी काकूंनी कपाट आवरायला घेतलं. थोरल्यांचा जुना काळा कोट झटकला, तर आतून खणखण वाजलं. खिशाला भोक होतं. अस्तर उसवलं, आत एक बटण, एक पेपरमिंटची गोळी, आणि ती. बापाच्या हातची चावी. दांड्यावर त्याची ती छोटी चांदणी कोरलेली.

वाटणीच्या दिवशी थोरल्यांनी हाच कोट घातला होता.

काकूंनी ती चावी नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली, लोणच्याची बाटली ठेवावी तशी, आणि आत निघून गेल्या. अकरा वर्षांचा हिशोब एका खणखणाटात मिटला. धाकट्याने खरंच दिली होती. घेतली होती यांनीच. आणि दोन वर्षं अख्ख्या गावासमोर त्याला किल्लीचोर म्हणून चार गुण मिळवले होते.

थोरल्यांनी ताट बाजूला सारलं. शनिवारच्या आत सांगितलं नाही, तर भाऊ चोर म्हणून गावाबाहेर जाणार. आणि सांगितलं, तर बेकरी, सलून, दंतवैद्य, बाई, सगळे वाचणार. फळीवर टकटक करून सांगावं म्हटलं, तर जीभ अकरा वर्षांत गंजून बसलेली. उचललीच जात नव्हती.

बुधवारी ते सुनेच्या बँकेत गेले आणि टोकन घेऊन रांगेत बसले. नंबर आल्यावर तिच्या खिडकीशी जाऊन हळूच म्हणाले, "समज, एखाद्या माणसाला एखाद्या माणसाला एखादी गोष्ट लिहायचीय."

"बाबा, काकांना काय लिहायचंय?"

"कुणाला दिसता कामा नये."

सुनेने फोन घेतला, गोपनीयतेच्या पानावर गेली. "हे बघा, तीन आहेत. सगळ्यांना दिसेल, मित्रांना दिसेल, किंवा फक्त देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. मित्रांना ठेवलं तर तुमचा काही उपयोग नाही, गावच मित्र आहे तुमचं. हे तिसरं लावलं. यापुढचं सगळं फक्त तुम्हा दोघांत."

"आणि त्याने उत्तर दिलं तर? त्याचं तर उघडंच असणार."

"असू दे. दोघांपैकी ज्याचं जास्त कडक, तेच चालतं. तुमचं बंद, म्हणजे तुमच्याशी झालेला व्यवहार बंद. तुम्ही पाठवा नाहीतर ते पाठवोत."

थोरल्यांचे डोळे दोन वर्षांत पहिल्यांदा चमकले. "म्हणजे एका दाराला दोन कुलपं! एक त्याचं, एक माझं. दोन्ही उघडी असतील तरच दार उघडं. एक जरी लागलेलं असलं, तरी बंद!"

"तेच."

"मग तसं नीट सांगायचं की. गोपनीयता काय, गोपनीयता!" आणि ते उठले. मागच्या माणसाने सुनेला विचारलं, "लॉकरचं काम होतं का?"

थोरल्यांनी सगळी दुपार लिहिण्यात घालवली. शिवी लिहायला त्यांना पाच मिनिटं पुरत; ही एक ओळ काही केल्या जमेना. आधी बापाचं कुलूप, कोट, खिशाचं भोक, पेपरमिंटची गोळी असं सगळं लिहिलं, तर ॲप म्हणालं, अक्षरं संपली. शेवटी उरलं एवढंच: "चावी माझ्या कोटात सापडली. तू दिली होतीस. चूक माझी. जाऊ नकोस." नाणं पाठवलं आणि फोन उपडा ठेवला.

पलीकडे कप तिजोरीवर आपटल्याचा आवाज आला.

गुरुवारी नाणं परत आलं. "चोर म्हणालास चारचौघांत. माफी मात्र कानात? सगळ्यांसमोर लिही. नाहीतर शनिवारी टेम्पो येतोय."

इकडे गावात हलकल्लोळ. मंगळवारपासून कुलूपवाल्यांचं काहीच दिसेना. शुक्रवारी शिष्टमंडळ दुकानात आलं. पुढे बाई, मागे सलूनवाला, आणि बेकरीवाली हातात रिकामा ट्रे घेऊन, कारण ती ट्रे ठेवायलाही थांबली नव्हती.

"तब्येत बरी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"तीन दिवस शिवी नाही, म्हणून म्हटलं."

"माझी गिऱ्हाइकं नुसती बसतात हो," सलूनवाला म्हणाला. "एक जण तर काल दाढी अर्धी टाकून गेला. म्हणाला, मजा नाही. भाऊ निघालाय तर जाता जाता एखादी ठेवणीतली काढा ना, गावाला आठवण राहील अशी."

"काहीतरी खुसपट काढाच," बेकरीवाली म्हणाली. "तुमच्या नावाचे चार पाव माझ्यातर्फे."

थोरल्यांनी तिघांना बाहेर काढलं आणि पुन्हा सुनेची खिडकी गाठली. या वेळी टोकन न घेता. "ते बुधवारचं उघडं करता येतं का? तेच सगळ्यांना दाखवायचं."

"नाही बाबा. गेलेल्याला आणखी कडक करता येतं, सैल नाही करता येत. बंद गेलं ते बंदच. आधी तुमचं 'सगळ्यांना' करा, मग नवीन पाठवा." तिने जरा थांबून सासऱ्यांकडे बघितलं. "आणि ते गाव वाचेल. नक्की ना?"

"नाक कापलं जाईल ना?"

"जाईल थोडं."

"लांब आहे," थोरले म्हणाले. "पुरेल."

शनिवारी सकाळी थोरल्यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, लग्नाला निघाल्यासारखा. दुकान उघडलं, ॲपमध्ये 'सगळ्यांना' लावलं, दोनदा तपासलं, आणि लिहिलं, "चावी माझ्याच कोटात होती. भावाने दिली होती. मी त्याला अकरा वर्षं चोर म्हणालो. चोर तो नाही, मूर्ख मी. गावाने वाचावं." पाठवलं. मग खुर्ची दारात ओढली, हात मांडीवर ठेवले आणि सगळं जग हसायला येण्याची वाट बघत बसले.

जग आलं नाही.

दंतवैद्य समोरून गेला, हात हलवला, नेहमीसारखा. पोस्टमन पत्र टाकून गेला. एक बाई आली, म्हणाली, पेटीचं कुलूप अडकलंय. थोरल्यांनी ते उघडून दिलं, ती 'थँक्यू' म्हणून गेली. कुत्रंसुद्धा नुसतं वास घेऊन पुढे गेलं.

एक तास झाला. थोरल्यांना राहवेना. फासावर चढायला निघालेल्याला फाशीवालाच सुट्टीवर आहे म्हटल्यावर होईल तशी त्यांची गत. ते उठून सलूनमध्ये गेले.

"वाचलंस?"

"काय?"

"माझं!"

सलूनवाल्याने साबणाच्या हाताने फोन बघितला. "काहीच नाही हो. मंगळवारपासून सामसूम. का, काही भारी येतंय का?"

बेकरीत गेले. "हस," म्हणाले.

"कशाला?"

"मी मूर्ख आहे म्हणून."

बेकरीवालीने त्यांना खुर्ची दिली आणि पाणी प्यायला लावलं. तिथून ते बाईंच्या घरी. बाई झाडांना पाणी घालत होत्या. "बाई, मला शून्य द्या!"

"कशात?"

"लिहिलंय मी! सगळ्यांना! स्वतःलाच शिवी दिलीय!"

बाईंनी चष्मा लावून, बोट ओलं करून, फोन वरपासून खालपर्यंत तपासला. "इथे नाही. न दिलेल्या पेपराचे गुण मी देत नाही."

चारचौघांत लाज काढून घ्यायला निघालेला माणूस घरोघर फिरत होता आणि कुणी काढून द्यायला तयार नव्हतं. थोरल्यांचा आता खरोखरच संताप झाला. ॲप बिघडलंय! नेमका टेम्पोच्या दिवशी! भाऊ म्हणणार, बघ, लिहिलंच नाही. घामाघूम होऊन ते बँकेत पोचले आणि खिडकीतून फोन आत ढकलला.

सुनेने बघितलं. "तुमचं बरोबर लागलंय. सगळ्यांना." मग तिने तो सकाळचा व्यवहार उघडला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. ओळीच्या शेजारी तांदळाएवढं कुलूप होतं. "पण हा बंद आहे, बाबा."

"मी नाही लावलं!"

"तुम्ही नाही."

थोरले त्या तांदळाएवढ्या कुलपाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं कुलपं बघण्यात गेली होती; कुठलं कुलूप कुणी लावलं हे त्यांना सांगावं लागत नसे. ते उठले आणि चपला हातात घेऊन पळाले.

टेम्पो दारात उभा होता. धाकटा चाव्या घासायचा ग्राइंडर उचलून टेम्पोच्या फळीवर चढवत होता, एकटाच, गुडघा टेकवून.

"कधी लावलंस?" थोरले ओरडले.

अकरा वर्षांतला पहिला शब्द. टेम्पोवाल्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो दोघांच्या नाकांकडे आळीपाळीने बघत होता.

धाकट्याने ग्राइंडर खाली ठेवला. "सकाळी. दुकान उघडल्यावर."

"मग सगळ्यांसमोर लिही म्हणालास कशाला, गाढवा?"

"म्हणालो होतो खरा." धाकट्याने फडक्याने हात पुसले, फार वेळ. "मग आरशात दाढी करत होतो, दादा. म्हटलं, याचं नाक कापलं तर माझ्याही तोंडावर तेच आहे. तू लिहितोस का नाही, एवढंच बघायचं होतं मला. लोकांनी कशाला वाचायला पाहिजे?"

"आणि नसतं लिहिलं तर?"

"टेम्पोचं भाडं दिलेलंच आहे."

थोरले पुढे झाले आणि ग्राइंडरचं दुसरं टोक धरलं. दोघांनी तो उचलला. टेम्पोवाला म्हणाला, "चढवा," तर दोघं तो घेऊन दुकानात परत गेले.

मग चावी. थोरल्याने ती खिशातून काढली, या वेळी भोक नसलेल्या. धाकटा अकरा वर्षांनी तिजोरीच्या तोंडाच्या बाजूला आला होता. "तू लाव," "नाही, तू लाव," असं दहा मिनिटं झालं, शेवटी दोघांनी एकत्र धरून फिरवली. कुलूप तुपातल्या सुरीसारखं उघडलं. बापाचं काम!

आत मधल्या कप्प्यात एकच गोष्ट होती. सुतळीला बांधलेली दुसरी चावी, दांड्यावर चांदणी, आणि चिठ्ठीवर बापाचं वळणदार अक्षर: 'पहिली हरवली तर.'

असं म्हणतात की त्या दिवशी दोन भावांच्या हसण्याने फळ्यांचे चार खिळे निघाले. तेवढी एक फळी त्यांनी पुन्हा ठोकलीच नाही. चहाचा कप आडवा जाईल एवढी फट ठेवली.

गावाला यातलं काही कळलं नाही. टेम्पो रिकामा का गेला यावर आठवडाभर चर्चा झाली. दंतवैद्याचं म्हणणं पडलं की थोरल्याने धाकट्याची बाजू प्रचंड रक्कम देऊन विकत घेतली. ती इतकी प्रचंड की ॲपला दाखवायची हिंमत झाली नाही. सलूनमध्ये मात्र उदासी. रविवारी शिष्टमंडळ पुन्हा आलं, आणि बाई स्पष्टच म्हणाल्या, "हे बरं दिसत नाही. लोकांना सवय लावायची आणि मधेच सोडायचं."

भावांनी एकमेकांकडे बघितलं.

त्या संध्याकाळी फळीच्या फटीतून दोन कप ये-जा करत होते. थोरल्याच्या मांडीवर कागद, कानावर पेन्सिल.

"'गंजकं बिजागर' लिही," धाकटा पलीकडून म्हणाला.

"ते मागच्या वर्षी झालंय. सहा गुण."

"मग असं लिही. 'ज्या कोटात तुझी अक्कल शोधली, त्यातून पेपरमिंटची गोळी निघाली. तीच जास्त कामाची.'"

"कोटाचं नको रे."

"कुणाला काय कळतंय, दादा? लिही."

थोरल्याने लिहिलं. मग दोघांनी आपापला फोन काढला, थोरल्याचं कुलूप उघडंच होतं, धाकट्याने आपलंही उघडून 'सगळ्यांना' लावलं, आणि ते जुनं नाणं भिंतीपलीकडे गेलं.

बाईंनी नऊ दिले.